लाल ते जवळचे, काळे ते लांबचे

शौचानंतर टिश्यू पेपरवर लालभडक डाग दिसला की काळजात धस्स होते. पोटात अल्सर फुटला असेल का, ही पहिली शंका. पण जठरातून निघालेले रक्त इतके लाल राहून खालपर्यंत सहसा पोहोचतच नाही.

जठरातल्या जखमेतून रक्त वाहू लागले की ते आधी तिथल्या आम्लात मिसळते. रक्ताला लाली देणारे हिमोग्लोबिन आम्लाने बदलते आणि काळपट होते. पुढे सुमारे सहा मीटर लहान आतडे आणि दीड मीटर मोठे आतडे पार करायचे असते. या वाटेवर बहुतेक वेळा कित्येक तास जातात आणि तेवढ्यात पाचकरस व जिवाणू त्या रक्ताचे रूपच पालटून टाकतात. म्हणून जठरातल्या रक्तस्रावात शौच डांबरासारखे काळे, चिकट आणि विलक्षण उग्र वासाचे होते. त्यासाठी 50 ते 100 मिलिलिटर, म्हणजे लहान कपभर रक्तही पुरते.

लालभडक रक्ताला एवढा प्रवास घडलेला नसतो. ते बहुधा गुदमार्गाच्या शेवटच्या तीन-चार सेंटिमीटरमधून आलेले असते. तिथे आतल्या अस्तराखाली रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या असतात. त्या आपल्या सगळ्यांनाच असतात आणि गुदद्वार घट्ट मिटायला मदत करतात. वर्षानुवर्षे कुंथल्याने त्या फुगून खाली सरकल्या की आपण त्यांना मूळव्याध किंवा कोंब म्हणतो. या गाद्यांत रोहिणी आणि नीला थेट एकमेकींना जोडलेल्या असतात, त्यामुळे कडक मळ घासून गेला की प्राणवायूने भरलेले ताजे लाल रक्त येते. कधी कागदावर पुसले जाते, कधी शौच झाल्यावर भांड्यात थेंब थेंब पडते. आतल्या कोंबांच्या जागी वेदना कळवणाऱ्या नसा नसल्याने हे रक्त बहुधा न दुखता येते.

फिशरची गोष्ट वेगळी. समजा, 34 वर्षांचा एक रिक्षाचालक आहे. वाटेत स्वच्छतागृह मिळत नाही म्हणून तो दिवसभर पाणी बेताने पितो. तीन दिवस पोट साफ झाले नाही आणि चौथ्या दिवशी खड्यासारखा मळ बाहेर पडताना काचेने कापल्यासारखे झाले. कागदावर लाल रेघ उमटली आणि पुढचे दोन तास त्याला सीटवर धड बसवेना. मळाने गुदद्वाराच्या कडेची नाजूक त्वचा चिरली होती. ही चीर बहुतेक वेळा पाठीकडच्या बाजूला, मध्यरेषेवर पडते. दुखण्यामुळे आतला स्नायू आवळला जातो, आवळल्याने चिरेला रक्त कमी मिळते आणि ती भरत नाही. दुखेल या भीतीने माणूस शौच टाळतो, मळ आणखी कडक होतो आणि चीर पुन्हा उघडते. हे चक्र मोडायचे म्हणून डॉक्टर मळ मऊ ठेवायला इसबगोल, भरपूर पाणी आणि पालेभाज्या सांगतात, कोमट पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटे बसायला लावतात आणि स्नायू सैल करणारे मलम देतात. नवी चीर बहुधा काही आठवड्यांत भरून येते.

मात्र रक्ताच्या रंगावरून जागेचा अंदाज येतो, आजाराची खात्री होत नाही. गुदाशयाचा कर्करोगही गुदद्वाराच्या जवळच असतो आणि त्याचे रक्तही लाल दिसू शकते. ‘मूळव्याधच असेल’ म्हणून महिनोन्‌महिने घरगुती लेप लावत बसणे इथे घातक ठरते. रक्त मळात मिसळून येत असेल, सोबत शेम पडत असेल, शौचाच्या सवयी काही आठवड्यांपासून बदलल्या असतील, पोट साफ होऊनही झाले नाही असे वाटत असेल, वजन घटत असेल, घरात कोणाला आतड्याचा कर्करोग झाला असेल किंवा वय पंचेचाळीसच्या पुढे असेल, तर दुर्बिणीने तपासणी करण्याविषयी डॉक्टरांशी बोलायलाच हवे. एरवीही लाल रक्त वारंवार दिसत असेल, तर डॉक्टरांनी बोटाने आणि छोट्या नळीतून तपासलेले बरे. त्याला दोन-चार मिनिटे लागतात.

जठरातून एकदम खूप रक्त गेले तर ते न बदलताच खाली येऊन लाल दिसू शकते. पण अशा वेळी माणूस फिका पडतो, घामाघूम होतो, त्याला चक्कर येते. तो कागदावरचा डाग नसतो आणि त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे लागते.

घरातले आजोबा गुडघेदुखीसाठी रोज वेदनाशामक गोळ्या घेत असतील आणि त्यांना काळे, चिकट शौच होऊ लागले, तर लाल काहीच दिसत नाही म्हणून निश्चिंत राहू नये. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते, पण त्याला डांबराचा चिकटपणा आणि तो उग्र वास नसतो. शौच डांबरासारखे चिकट आणि उग्र वासाचे असेल, तर आजोबा लोहाच्या गोळ्या घेत असले तरी त्याच दिवशी त्यांना डॉक्टरांकडे न्या. अल्सरची शंका घ्यायची ती इथे.