पानं पिवळी का पडतात? महिन्याच्या प्रश्नोत्तरांचा भाग कसा घडतो

'कढीपत्त्याची पानं पिवळी पडतात, काय करू?' बागकामाच्या कुठल्याही मराठी यूट्यूब चॅनेलवर हा प्रश्न हमखास सापडतो. कुणी देवनागरीत विचारतं, कुणी रोमन लिपीत, कुणी नुसता एक फोटो टाकून 'उपाय सांगा' म्हणतं. चॅनेल चालवणारी व्यक्ती सुरुवातीला प्रत्येकाला उत्तर लिहिते. पुढे त्याच ओळी पुनःपुन्हा लिहून हात दुखायला लागतात, आणि महिन्यातून एक भाग प्रेक्षकांच्या प्रश्नांसाठी राखून ठेवायचं ठरतं. कल्पना चांगली आहे. मात्र जास्तीत जास्त वेळा आलेला प्रश्न उचलून कॅमेऱ्यासमोर वाचला, की बहुतेकदा उत्तर कुणाच्याच कामाचं होत नाही. तसं का होतं, ते या कढीपत्त्यावरूनच पाहू.

सुरुवात प्रश्न गोळा करण्यापासून. यूट्यूब स्टुडिओत प्रतिक्रियांच्या पानावर `Contains questions` ही चाळणी असते. ती उपयोगी आहे, पण सगळा भार तिच्यावर टाकू नये. आपल्याकडे प्रश्नचिन्ह न देता, आर्जवाच्या सुरात विचारण्याची रीत आहे: 'ताई, माझ्या झाडाचं पण सांगा ना.' म्हणून त्याच पानावर 'पिवळी', `pivli`, `pivali` असे शब्द टाकूनही शोध घ्यावा. सापडलेला प्रश्न एका तक्त्यात उतरवायचा आणि त्यासाठी चार रकाने पुरतात: प्रश्न जसाच्या तसा, तो कोणत्या व्हिडिओखाली आला, तारीख, आणि विचारणाऱ्याने गाव किंवा कुंडीबद्दल काही सांगितलं असेल तर ते.

यातला दुसरा रकाना सर्वांत जास्त शिकवतो. समजा महिन्याभरात या प्रश्नाच्या तीस नोंदी झाल्या आणि त्यातल्या पंचवीस खतावरच्या एकाच व्हिडिओखाली आहेत. मग दुखणं त्या व्हिडिओत आहे. खत किती दिवसांनी द्यायचं, हे सांगायचं बहुधा राहून गेलं असेल. तिथे त्याच व्हिडिओखाली खुलासा लिहून तो सर्वांत वर टाचून ठेवला की काम होतं. पण तेच तीस प्रश्न दहा वेगवेगळ्या व्हिडिओंखाली विखुरलेले असतील, तर ती प्रेक्षकांची सर्वसाधारण अडचण आहे. प्रश्नोत्तरांचा भाग अशाच प्रश्नांसाठी असतो.

आता कस लागतो. तीस जणांचे शब्द एक असले तरी झाडं तीस आहेत. कढीपत्त्याची पानं पिवळी पडण्याची निदान चार नेहमीची कारणं असतात. नत्र कमी पडलं तर आधी खालची, जुनी पानं पिवळी होतात, कारण झाड नत्र जुन्या पानांतून काढून नव्या फुटीला पुरवतं. लोहाचं तसं होत नाही. ते जुन्या पानांतून सहज हलत नाही, त्यामुळे लोह कमी पडलं की वरची कोवळी पानं पिवळी होतात आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या राहतात. तिसरं कारण पाण्याचं. कुंडीचं भोक बुजलं, माती सतत ओली राहिली, की मुळांना हवा मिळत नाही आणि सगळंच झाड मलूल दिसतं. चौथं कारण थंडी. डिसेंबर-जानेवारीत, विशेषतः जिथे गारठा जास्त तिथे, कढीपत्ता पानं पिवळी करून गाळतो आणि ऊन तापायला लागलं की पुन्हा फुटतो. तिथे उपायाची गरजच नसते.

'खत घाला' हे उत्तर पहिल्या कुंडीला लागू पडेल. तिसऱ्या कुंडीत मुळं आधीच गुदमरलेली असतात, तिथे तेच खत झाडाचा घात करील. म्हणून उत्तराची मांडणी कारणांच्या यादीने करू नये. प्रेक्षकाला घरबसल्या जे पाहता येईल, त्यापासून सुरुवात करावी. पहिलं वाक्य असं असू शकतं: 'आधी बोट दोन पेरं मातीत घाला. ओलं लागलं तर आज पाणी देऊ नका आणि कुंडीखालचं भोक तपासा.' मग पुढची पायरी: 'माती ठीक असेल तर पिवळी पानं वरची आहेत की खालची, ते बघा.' खालची असतील तर मूठभर गांडूळखत. वरची असतील आणि शिरा हिरव्या असतील तर लोहाचं खत, पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणातच. आंबट ताक घालण्याचा घरगुती उपाय पुष्कळजण विचारतात. त्याबद्दल एवढंच सांगावं, की निचरा बंद असलेल्या कुंडीत ताक म्हणजे आणखी ओलावा. हे सगळं दोनशे-अडीचशे शब्दांत, म्हणजे साधारण दोन मिनिटांत बसतं. चित्रणात तीन जवळची दृश्यं हवीत: मातीत घातलेलं बोट, खालचं पिवळं पान आणि हिरव्या शिरांचं कोवळं पान. तिसरं दृश्य नीट दिसलं नाही, तर प्रेक्षकाला आपल्या पानाशी ताडून पाहता येत नाही आणि पुढचं सगळं बोलणं वाया जातं.

भाग महिन्यातून एकदाच येणार, त्यामुळे सगळे प्रश्न त्यात घालता येत नाहीत. 'आज सकाळी रोप कोलमडलं' असं कुणी लिहिलं, तर त्याला त्याच दिवशी उत्तर लिहावं. भागाची वाट पाहत ते रोप जगणार नाही. ऋतूचे प्रश्न पुढे सरकवून ठेवावेत: गेल्या पावसाळ्यात कुंडीत पाणी तुंबण्याबद्दल जे विचारलं गेलं, त्याचं उत्तर यंदा मे अखेरीस यायला हवं, म्हणजे पहिल्या सरीआधी भोकं मोकळी करता येतील. कीटकनाशकाच्या प्रमाणाचे प्रश्न मात्र झाड न पाहता सोडवू नयेत. तिथे लेबल वाचायला आणि जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात पान घेऊन जायला सांगणं, हेच प्रामाणिक उत्तर. उरलेल्यांतून पाच-सहा प्रश्न घेतले की भाग भरतो. विचारणाऱ्याचं नुसतं नाव आणि गाव वाचावं. प्रतिक्रियेत कुणी फोन नंबर टाकला असेल तर तो पडद्यावर येऊ देऊ नये.

असा भाग कुणी सलग पाहत नाही, जो तो आपल्या प्रश्नाकडे धावतो. म्हणून व्हिडिओच्या वर्णनात वेळा द्याव्यात:

```
0:00 या महिन्याचे प्रश्न
0:30 कढीपत्ता: पानं पिवळी पडतात
2:40 मोगरा: कळ्या गळतात
4:30 टोमॅटो: फळ खालून काळं पडतं
```

पहिली वेळ `0:00` असावी लागते, वेळा किमान तीन आणि चढत्या क्रमाने लागतात, आणि प्रत्येक तुकडा निदान दहा सेकंदांचा असावा लागतो. नाहीतर यूट्यूब प्रकरणं दाखवत नाही. नावंही प्रेक्षकांच्याच भाषेत हवीत. 'लोहाची कमतरता' असं नाव दिलं, तर ज्याला आपल्या झाडात लोह कमी आहे हे माहीतच नाही, तो तिथे पोचणार कसा? स्टुडिओतल्या आलेखात अशा भागाचा पाहण्याचा सरासरी वेळ कमी दिसला तर घाबरू नये. एखाद्या प्रश्नापाशी उंचवटा दिसला, तर तिथे लोक मुद्दाम येताहेत किंवा पुन्हा पाहताहेत.

भाग जमला की नाही, याचा खरा पुरावा पुढच्या महिन्याच्या तक्त्यात मिळतो. 'पानं पिवळी पडतात, काय करू?' हेच शब्द तितक्याच संख्येने आले, तर उत्तर पोचलेलं नाही. मग भागाचं शीर्षक आणि प्रकरणाचं नाव बदलून पाहावं. पण 'माती कोरडी आहे, वरची पानं पिवळी आहेत, शिराही पिवळ्याच आहेत, आता?' असा प्रश्न आला, तर काम झालं. त्या प्रेक्षकाने मातीत बोट घालून पाहिलं, पान उलटून पाहिलं आणि आपल्या उत्तरात न बसणारी गोष्ट शोधून काढली. पुढच्या भागाचा पहिला प्रश्न तोच घ्यावा.