नुकसान नेमकं कोणाचं? भावी पिढ्या आणि पारफिटचा पेच

मागच्या व्याख्यानानंतर एका गृहस्थांनी आम्हांला विचारलं, "सर, आपण सगळा कोळसा, सगळं पाणी संपवलं तर पुढच्या पिढ्यांचं नुकसान होणार, हे उघड आहे. यात तत्त्वज्ञानाचं काय काम?" आज आपण याच प्रश्नापासून सुरुवात करू. नुकसान होणार हे उघड वाटतं खरं, पण ते नेमकं कोणाचं, असं विचारलं की पायाखालची वाळू सरकायला लागते.

हा प्रश्न सर्वांत कसोशीने लावून धरला तो डेरेक पारफिट या ब्रिटिश तत्त्वज्ञाने, १९८४ साली आलेल्या 'रीझन्स अँड पर्सन्स' या ग्रंथात. त्याचं एक कल्पित उदाहरण आपण सावकाश पाहू.

समजा, दोन आजार आहेत. पहिला गरोदर बाईला होतो आणि त्यामुळे पोटातल्या बाळाला एक विशिष्ट अपंगत्व येतं. पण वेळीच कळलं तर साध्या उपचाराने ते टळतं. दुसरा आजार गर्भधारणेच्या वेळी असला तर बाळाला तेच अपंगत्व येतं. त्यावर उपचार नाही, पण तो दोन महिन्यांत आपोआप जातो. म्हणून सरकारपुढे दोन योजना आहेत. एकीत गरोदर स्त्रियांची तपासणी करून उपचार करायचे. दुसरीत मूल हवं असलेल्या स्त्रियांची तपासणी करून, आजार निघाला तर "दोन महिने थांबा" म्हणून सांगायचं. दोन्ही योजनांमुळे वर्षाला एक हजार मुलं अपंगत्वाशिवाय जन्मतील. पैसे मात्र एकाच योजनेपुरते आहेत. कोणती रद्द करायची?

आकडे सारखे आहेत, तेव्हा काय फरक पडतो, असं आपण म्हणू. पण थांबा. पहिली योजना रद्द झाली आणि अपंगत्व घेऊन एक मुलगी जन्मली. मोठी झाल्यावर ती म्हणू शकते, "माझ्या आईची तपासणी झाली असती तर मी धडधाकट जन्मले असते." तिची तक्रार रास्त आहे. आता दुसरी योजना रद्द झाली असं धरा. आईला जुलैमध्ये दिवस गेले आणि अपंगत्व घेऊन एक मुलगा जन्मला. ती सप्टेंबरपर्यंत थांबली असती तर? तर वेगळं बीजांड, वेगळा शुक्राणू. म्हणजे मूलच वेगळं. हा मुलगा धडधाकट जन्मला नसता, तो जन्मलाच नसता. त्याचं आयुष्य अपंगत्वासकट जगण्याजोगं असेल, तर योजना रद्द झाल्याने त्याचं काय बिघडलं? तक्रार कोणी करायची? याला 'नॉन-आयडेंटिटी प्रॉब्लेम' म्हणतात: निर्णय बदलला की माणसंच बदलतात, म्हणून आधीची स्थिती आणि नंतरची स्थिती एकाच माणसाच्या बाबतीत ताडून पाहता येत नाही. आयुष्य इतकं यातनामय असेल की ते न जगणंच बरं, तर गोष्ट वेगळी. पण इथे तसं नाही.

आता कोळशाकडे या. ऊर्जेचं धोरण बदललं की कारखाने, नोकऱ्या, शहरं बदलतात. कोण कोणाला भेटतं, कोणाचं लग्न कधी होतं, मूल कोणत्या महिन्यात राहतं, हेही बदलतं. रेल्वे आणि मोटारी नसत्या तरी आपण जन्मलो असतो, असं किती जण म्हणू शकतील, असं पारफिट विचारतो. तेव्हा उधळपट्टीच्या धोरणानंतर दोनशे वर्षांनी जे लोक असतील, ते काटकसरीच्या धोरणात अस्तित्वातच आले नसते. त्यांचं जगणं ओढगस्तीचं असलं, तरी "आमचं नुकसान केलंत" असं ते आपल्याला म्हणू शकत नाहीत.

मग उधळपट्टी करायला मोकळे झालो का? पारफिट म्हणतो, नाही. दोन्ही योजना त्याला सारख्याच मोलाच्या वाटतात, आणि आम्हांलाही. त्यातून निघणारं उत्तर असं, की वाईट गोष्ट कोणासाठी तरी वाईट असलीच पाहिजे ही अट सोडा. दोन शक्यतांमध्ये जगणाऱ्यांची संख्या सारखी असेल, तर ज्या शक्यतेत लोक कमी चांगलं जगतात ती अधिक वाईट. मग लोक तेच असोत वा वेगळे.

पण यात एक अट आहे, ती नजरेतून सुटू देऊ नका: संख्या सारखी असेल तर. धोरणांमुळे तर माणसांची संख्याही बदलते. मग काय मोजायचं? सहज सुचतं ते असं, की एकूण कल्याण मोजा. प्रत्येकाच्या जगण्याला ढोबळ गुण देऊ. एक हजार कोटी माणसं, प्रत्येकी शंभर गुण. बेरीज एक लाख कोटी. दुसऱ्या जगात दोन लाख कोटी माणसं, प्रत्येकी एकच गुण, म्हणजे आयुष्य जेमतेम जगण्याजोगं. बेरीज दोन लाख कोटी. म्हणून दुसरं जग अधिक चांगलं! अशा जगण्याचं चित्र पारफिटने पुढे एका लेखात रंगवलं आहे: बटाटे खायचे आणि दुकानांत वाजतं तसं मिळमिळीत संगीत ऐकायचं, बस्स. याला त्याने 'रिपग्नंट कन्क्लूजन' म्हटलं, तिटकारा यावा असा निष्कर्ष.

बेरीज सोडून दिली की सुटलो, असं वाटेल. तसं होत नाही. पहिलं जग तेच ठेवा: हजार कोटी लोक, शंभर गुण. आता यांचे गुण एकशे एक करा आणि दूर कुठेतरी आणखी हजार कोटी लोक, पन्नास गुणांचं जगण्याजोगं आयुष्य असलेले, जोडा. कोणाचंही काही गेलं नाही. मूळचे लोक उलट थोडे सुधारले. हे जग आधीपेक्षा वाईट कसं म्हणणार? पुढची पायरी: या दोन हजार कोटींना सगळ्यांना सारखे ऐंशी गुण द्या. आधीची सरासरी साडेपंच्याहत्तर होती. म्हणजे बेरीज वाढली, सरासरी वाढली, विषमता गेली. हे त्याहून चांगलं. म्हणजे शंभर गुणांच्या हजार कोटींपेक्षा ऐंशी गुणांचे दोन हजार कोटी बरे. याच दोन पायऱ्या पुन्हा पुन्हा चढत राहा. लोक वाढतील, गुण घसरतील, आणि शेवटी आपण बटाट्यांपाशी येऊन उभे राहू. प्रत्येक पायरी पटते, पण जिथे पोचतो ते पटत नाही.

दोन्ही पेच सोडवणारा सिद्धांत आपल्याला सापडलेला नाही, असं पारफिटने ग्रंथातच कबूल केलं. त्या न सापडलेल्या सिद्धांताला त्याने 'थिअरी एक्स' नाव दिलं. २०१७ साली तो गेला, तोवर त्याचा शोध चालू होता. २०२१ साली एकोणतीस अभ्यासकांनी मिळून 'युटिलिटास' या नियतकालिकात लिहिलं, की हा निष्कर्ष टाळणं हेच लोकसंख्येच्या नीतिविचाराचं मुख्य उद्दिष्ट मानणं आता थांबवावं. त्याच्याकडे नेणारा सिद्धांत तेवढ्यावरून बाद ठरत नाही.

आम्हांला स्वतःला ती शेवटची पायरी अजून उतरवत नाही. पण त्या गृहस्थांना उत्तर द्यायचं तर एवढं म्हणू: कोळसा जपायचा तो पुढे कोणी आपल्यावर फिर्याद करील म्हणून नव्हे. फिर्यादी नसेलच कदाचित. तरीही जे कोणी असतील त्यांचं जगणं चांगलं असावं, एवढं कारण पुरेसं आहे. किती जण असावेत, हा हिशेब मात्र अजून कोणालाच जुळवता आलेला नाही. आता तुमच्या शंका घेऊ.