फंडाचं कौशल्य सिद्ध व्हायला किती वर्षं लागतात?

म्युच्युअल फंडाच्या फॅक्टशीटमध्ये ‘शार्प रेशो’ नावाचा एक आकडा असतो. एका फंडापुढे ०.८० आणि दुसऱ्यापुढे ०.५० दिसलं, की पहिल्याचा मॅनेजर जास्त हुशार असं आपण धरून चालतो. पण तो आकडा कितपत पक्का आहे, हे फॅक्टशीट सांगत नाही. खरं तर ते सांगायला हवं.

अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ विल्यम शार्प यांनी १९६६ मध्ये हे माप मांडलं. बिनधोक गुंतवणुकीवर जे व्याज मिळालं असतं त्यापेक्षा फंडाने सरासरी किती जास्त कमावलं, ते काढायचं आणि त्या परताव्यातल्या चढउताराने, म्हणजे प्रमाण विचलनाने, भागायचं. पत्करलेल्या प्रत्येक एकक चढउतारामागे किती मोबदला मिळाला, ते यातून कळतं.

अडचण अशी की हा रेशो मोजक्या वर्षांच्या परताव्यावरून काढलेला अंदाज असतो. तीच वर्षं थोडी वेगळी गेली असती, तर आकडाही वेगळा आला असता. हा अंदाज साधारण किती हलू शकतो, याच्या मापाला प्रमाण त्रुटी म्हणतात. वार्षिक शार्प रेशोसाठी ती काढणं सोपं आहे: वर्षांच्या संख्येचं वर्गमूळ काढा आणि १ ला त्याने भागा. रेशो फार मोठा नसेल, तर हे उत्तर पुरेसं जवळचं असतं.

आपल्याकडच्या फॅक्टशीटमध्ये हा रेशो बहुतेक वेळा तीन वर्षांच्या मासिक परताव्यावरून काढतात. ३ चं वर्गमूळ १.७३, म्हणून प्रमाण त्रुटी सुमारे ०.५८. रूढ नियमाप्रमाणे अंदाजाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन त्रुटींची जागा सोडायची. म्हणजे ०.८० लिहिलेल्या फंडाचा खरा रेशो उणे ०.३६ पासून १.९६ पर्यंत कुठेही असू शकतो. मग ०.८० आणि ०.५० मधल्या फरकावरून मॅनेजरची हुशारी ठरवता येत नाही.

मासिकाऐवजी रोजचे आकडे घेतले तर? त्याने चढउतार जास्त अचूक मोजता येतो, सरासरी परतावा मात्र नाही. एनएव्ही १०० वरून १५० वर गेली, तर वाढीचा सरासरी वेग त्या दोन टोकांवरूनच ठरतो. मधल्या शेकडो नोंदींनी त्यात काहीच भर पडत नाही. त्रुटी कमी करायची तर वर्षंच वाढवावी लागतात, आणि ती निम्मी करायला चौपट वर्षं लागतात.

शिवाय रेशो चांगला असला म्हणून कौशल्य सिद्ध होत नाही. बाजारच तेजीत असेल, तर निर्देशांकाचाही रेशो चांगला येतो. कौशल्य पाहायचं तर निर्देशांकापेक्षा मिळालेला जादा परतावा घ्यायचा आणि त्या जादा परताव्याच्याच चढउताराने भागायचं. समजा एक मॅनेजर दरवर्षी सरासरी २ टक्के जास्त मिळवतो आणि या फरकाचा चढउतार ५ टक्के आहे. गुणोत्तर आलं ०.४. ही कामगिरी उत्तमच म्हणायची. पण हे ०.४ शून्यापासून दोन त्रुटी दूर जायचं, तर त्रुटी ०.२ वर यायला हवी, आणि त्यासाठी २५ वर्षं लागतात. एवढी वर्षं एकच मॅनेजर एकच फंड, त्याच पद्धतीने, क्वचितच चालवतो.

त्यातही २५ वर्षांनी निकाल लागेलच असं नाही. मॅनेजर खरोखर इतका कुशल असला, तरी मोजलेला आकडा ०.४ च्या वर किंवा खाली पडण्याची शक्यता जवळपास सारखीच. म्हणजे निम्म्या वेळा खरं कौशल्यही या कसोटीत नापास होईल.

उलट्या बाजूनेही फसगत होते. कसलंही कौशल्य नसलेले २०० फंड घेतले, तर त्यातले पाचेक फंड निव्वळ नशिबाने दोन त्रुटींची रेषा ओलांडतील. जाहिरातीत झळकतात ते असेच वर आलेले फंड. आधी विजेता निवडून मग त्याचा इतिहास तपासला, तर ही कसोटी लागूच पडत नाही. रेषा बरीच वर न्यावी लागते.

आणि हे सगळं परतावे सरळ वागतात असं धरून. क्वचित विकल्या जाणाऱ्या रोख्यांच्या किमती संथपणे बदलल्याचं दिसतं, त्यामुळे चढउतार कमी भासतो आणि रेशो फुगतो. क्वचितच येणारा मोठा तोटा त्या तीन वर्षांत आला नसेल, तर तोही आकड्यात उतरत नाही.

शार्प यांनी १९५४ ते १९६३ या काळातले ३४ अमेरिकी फंड तपासले होते. त्यातल्या फक्त ११ फंडांचा रेशो डाऊ जोन्स निर्देशांकापेक्षा सरस निघाला. ज्यांचा खर्च कमी, त्यांची कामगिरी बरी, असाही कल त्यांना दिसला. आपल्या निवडीला हाच धागा उपयोगी आहे. २ टक्क्यांचं कौशल्य ओळखायला पाव शतक लागतं. पण दोन फंडांच्या खर्चात १ टक्क्याचा फरक असेल, तर तो आजच छापलेला असतो आणि दरवर्षी कापलाही जातो. म्हणून आधी खर्चाची ओळ वाचावी आणि तीन वर्षांच्या रेशोवरून फंड बदलू नये.