अकरा महिन्यांचा करार आणि पावणेतीनशे रुपयांची बचत

‘अकरा महिन्यांचा आहे ना, मग नोटरी पुरे,’ हे वाक्य पुण्यात घर भाड्याने देताना हमखास ऐकू येतं. नोंदणी कायद्यात एक वर्षापेक्षा कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला सूट आहे, त्यातून ही समजूत रुजली. महाराष्ट्रात मात्र १९९९चा भाडे नियंत्रण कायदा आहे. त्याच्या ५५व्या कलमानुसार लिव्ह अँड लायसन्स कितीही महिन्यांचं असो, ते लेखी आणि नोंदणीकृत हवं. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. खरी गोम पुढेच आहे. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरू सांगेल ते ग्राह्य धरलं जातं.

खर्च किती? समजा कोथरूडला भाडं पंचवीस हजार, डिपॉझिट एक लाख, मुदत अकरा महिने. एकूण भाडं २,७५,००० रुपये. त्यात डिपॉझिटवरचं वर्षाला १० टक्के दराने धरलेलं व्याज मिळवायचं, साधारण नऊ हजार. या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे सातशे-आठशे रुपये. शहरात नोंदणी फी हजार रुपये. एजंटचे पैसे वेगळे. तो घरीच येतो; लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर फोटो काढतो, आधारशी जुळवायला अंगठा घेतो. आजोबांचा घासलेला अंगठा मशीन ओळखत नाही, मग एकेक बोट लावून पाहण्यात अर्धा तास जातो.

काही मालक कागदावर पंधरा हजार लिहितात आणि वरचे दहा रोख घेतात. मुद्रांकात वाचतात अवघे पावणेतीनशे रुपये! मुदत संपूनही भाडेकरू हलला नाही, तर २४व्या कलमाखाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि दुप्पट भाड्याने भरपाई मागता येते. पण तिथे लेखी करारात लिहिलेलं निर्णायक पुरावा मानलं जातं. दुप्पट होणार ते पंधरा हजारांचं. भाडेकरूनेही डिपॉझिटची पूर्ण रक्कम आणि ती कशी दिली, हे करारात आहे ना ते सही करण्याआधी पाहावं.

पोलीस व्हेरिफिकेशन ही निराळी गोष्ट. करार नोंदवला म्हणून पोलिसांना कळवण्यातून सुटका झाली असं धरून चालू नये. पोलीस आयुक्त तसा आदेश काढतात. तो मोडला तर भारतीय न्याय संहितेच्या २२३व्या कलमाखाली गुन्हा घरमालकावर दाखल होतो. भाडेकरूचा फोटो, ओळखपत्र, मूळ गावचा पत्ता अशी माहिती ऑनलाइन किंवा पोलीस ठाण्यात द्यायची आणि पोच जपून ठेवायची. ती पोच म्हणजे चारित्र्याचा दाखला नव्हे. मालकाने माहिती दिली, एवढंच तिच्यावरून कळतं. जात-धर्म विचारून घर नाकारण्यासाठी ‘पोलिसांचा नियम’ पुढे करणारे भेटतात. या नोंदीत तसं काही नाही. तिघा मुलांच्या फ्लॅटमधला एक जाऊन दुसरा आला, की नव्याची माहिती पुन्हा द्यायची, आणि नेमकं तेच राहून जातं.