पाच हजार रुपये कुठल्या खान्यात?

कुरियर कंपनीसाठी जावा भाषेत लिहिलेल्या एखाद्या प्रोग्रॅममध्ये अशी ओळ दिसू शकते:

```java
new Parcel("411030", 800, 0, 0, 0, 0, 5000);
```

पहिला पिनकोड, दुसरं ग्रॅममधलं वजन, एवढं अंदाजाने कळतं. पुढची तीन शून्यं म्हणजे लांबी, रुंदी, उंची. ती कुणी मोजलेली नाहीत. उरले दोन आकडे. आधी विम्याची रक्कम, मग पार्सल देताना वसूल करायचे पैसे. लिहिणाऱ्याला पाच हजारांचा विमा हवा होता, पण आकडा एक घर पुढे पडला. दोन्ही जागा पूर्णांकाच्याच असल्याने कंपायलर हूं की चूं करत नाही. प्रोग्रॅम सुरळीत चालतो आणि सदाशिव पेठेत आधीच पैसे भरून बसलेल्या गिऱ्हाइकाकडे डिलिव्हरीवाला पाच हजार मागतो. पुढचा संवाद वाचकांनीच कल्पावा.

ही ओळ कुणी एका दिवसात लिहीत नाही. सुरुवातीला Parcel या क्लासला पिनकोड आणि वजन एवढंच लागत असतं, म्हणून दोन किमतींचा कन्स्ट्रक्टर, म्हणजे ऑब्जेक्ट तयार करणारा भाग, लिहिला जातो. मग कुणी लांबी मागतं, कुणी रुंदी. जुन्या ओळी मोडू नयेत म्हणून दरवेळी एक किंमत वाढवलेला नवा कन्स्ट्रक्टर येतो आणि आधीचा त्याला राहिलेल्या जागी शून्य घालून बोलावतो. दुर्बिणीच्या नळ्या एकीतून एक निघाव्यात तशी ही रांग लांबते, म्हणून तिला टेलिस्कोपिंग कन्स्ट्रक्टर म्हणतात. खरी कोंडी पुढे होते. फक्त विमा घेणारा एक आणि फक्त वसुली घेणारा दुसरा, असे दोन छोटे कन्स्ट्रक्टर हवे असतील तर जावा ते ठेवूच देत नाही. दोघांनाही एक अक्षरमाला आणि दोन पूर्णांक लागतात, मग त्यांच्यात फरक करायचा कसा? शेवटी सगळे सर्वांत लांब कन्स्ट्रक्टर वापरतात आणि शून्यं मोजत बसतात.

सेटर हा दुसरा मार्ग आहे: रिकामा ऑब्जेक्ट करायचा आणि एकेक किंमत नंतर भरायची. वाचायला सोपं, पण मध्येच तो ऑब्जेक्ट कुणी वापरला तर अर्धवट पार्सल पुढे जातं, शिवाय तयार झाल्यावरही कुणीही त्यात बदल करू शकतं.

जोशुआ ब्लॉक यांनी ‘इफेक्टिव्ह जावा’च्या 2008च्या दुसऱ्या आवृत्तीत यावर बिल्डरचा उपाय सविस्तर मांडला. 1994च्या ‘डिझाइन पॅटर्न्स’ या प्रसिद्ध पुस्तकातही याच नावाचा पॅटर्न आहे, पण त्याचा रोख वेगळा. दोघांची गल्लत मुलाखतींत सर्रास होते. ब्लॉक यांच्या पद्धतीने आपली ओळ अशी होते:

```java
Parcel p = new Parcel.Builder("411030", 800)
        .insured(5000)
        .build();
```

पाच हजार कशाचे ते आता ओळीतच लिहिलेलं आहे. पिनकोड आणि वजन सक्तीचं, म्हणून ते बिल्डरच्या कन्स्ट्रक्टरमध्येच मागितलं. विसरलात तर कंपायलर अडवतो. बाकीचं ऐच्छिक. साखळी जुळते ती एका साध्या युक्तीने:

```java
public Builder insured(int rupees) {
    this.insured = rupees;
    return this;
}
```

प्रत्येक मेथड किंमत नोंदवून तोच बिल्डर परत देते. build() म्हटल्यावर सगळ्या किमती Parcel मध्ये उतरतात आणि त्या final ठेवता येतात, म्हणजे नंतर कुणाला हात लावता येत नाही. तपासणीही इथेच करावी. लांबी दिली पण रुंदी नाही, तर आकारमानावरून भाडं काढता येणार नाही. असं अर्धवट माप build() ने तिथल्या तिथे नाकारावं. सेटरच्या पद्धतीत माप पूर्ण झालं की नाही हे विचारायला असा ठरलेला क्षणच नसतो.

याची किंमत आहे. प्रत्येक फील्ड दोनदा लिहावं लागतं, एकदा Parcel मध्ये आणि एकदा बिल्डरमध्ये. लॉम्बॉक हे साधन @Builder एवढ्या खुणेवर ते आपोआप करतं, पण मग सक्तीची फील्डं बिल्डरच्या कन्स्ट्रक्टरमध्ये आपोआप जात नाहीत, तो बंदोबस्त वेगळा करावा लागतो. आणि पायथॉन किंवा कॉटलिनमध्ये किंमत नावानिशी देता येते, ऐच्छिक किंमत गाळताही येते. तिथे नुसत्या वाचनीयतेसाठी बिल्डर लिहिणं म्हणजे हौस.

जावात मात्र दोन-तीन फील्डं असतील तर साधा कन्स्ट्रक्टर पुरे. चारच्या पुढे गेलात, किंवा पुढे जाणार हे दिसत असेल, तर सुरुवातीलाच बिल्डर करावा. जुने कन्स्ट्रक्टर कोडभर पसरल्यावर ते काढणं जिवावर येतं. आपल्या कोडमध्ये आधी अशा जागा शोधा जिथे एकाच प्रकारच्या दोन किमती शेजारी शेजारी बसल्या आहेत. पहिला बिल्डर तिथे लिहा.