व्हेंडर बदलायचा तर

सहकारी बँकेची ठेव, कर्ज, व्याज हे सगळं ज्या कोअर बँकिंग सॉफ्टवेअरवर चालतं, ते अनेकदा बाहेरची कंपनी सांभाळते. समजा, चाळीस शाखांच्या एका नागरी बँकेचा असा पाच वर्षांचा करार 31 मार्चला संपतोय आणि बँकेला दुसऱ्या कंपनीकडे जायचंय. (मुदत वर्षअखेरीला ठेवणं हाच मुळात अविचार, त्या आठवड्यात बँकेत कुणाला मान वर करायला फुरसत नसते.) बाहेर पडण्याचं कलमच नसेल, तर मुदत संपल्यावर जुन्या कंपनीला मदतीसाठी बांधून ठेवणारं फारसं काही उरत नाही.

‘डेटा बँकेच्या मालकीचा’ हे वाक्य बहुतेक करारांत असतं. पण मालकीने काम भागत नाही. जुनी कंपनी सगळा डेटा देते खरा, पण त्यात शेकडो टेबलं आणि रकान्यांना नुसते सांकेतिक क्रमांक. मुद्दल कोणतं, दंडव्याज कोणतं, हे तिच्याच माणसांना ठाऊक. म्हणून डेटा कोणत्या स्वरूपात द्यायचा आणि त्यासोबत प्रत्येक रकान्याचा अर्थ लिहून द्यायचा, हे कलमात हवं.

शिवाय तो एकदा देऊन भागत नाही. नवी कंपनी आधी चाचणी म्हणून डेटा भरते, ताळा करते, चुका सापडतात, मग पुन्हा ताजा डेटा लागतो. ठेवींची एकूण बेरीज जुळली म्हणून निश्चिंत होऊ नये. मुदत ठेवींवर आजवर साचलेलं व्याज नव्या प्रणालीत आलंच नसेल, तर ते तिमाहीच्या व्याजाच्या वेळी उघड होतं. त्यासाठी प्रत्येक योजनेतली काही खाती घेऊन दोन्हीकडे पुढच्या दिवसापर्यंत साचलेलं व्याज काढून पाहतात. अशा तीन-चार फेऱ्या धरून सहा महिने ते वर्षभराची मदत आणि तिचे दर सही करतानाच ठरवावेत. तेव्हा कंपनीला काम हवं असतं; निघताना ती म्हणेल तो दर.

रिझर्व्ह बँकेने आयटी आउटसोर्सिंगबद्दल एप्रिल 2023मध्ये निर्देश काढले. त्यांनुसार जुन्या कंपनीने बँकेला आणि नव्या कंपनीलाही पूर्ण सहकार्य करण्याचं कायदेशीर बंधन करारात असावं लागतं. संक्रमणाच्या काळात, बँकेने किंवा नियामकाने सांगितल्याखेरीज, तिला डेटा पुसता वा बदलता येत नाही. नागरी बँकांपैकी हे निर्देश टियर 3 आणि 4 मधल्या मोठ्या बँकांना लागू झाले. लहान बँकांनी तेच शब्द उचलायला हरकत नाही.

आणखी एक वाक्य मी आग्रहाने घालायला सांगेन: बिलाचा वाद चालू असला तरी डेटा आणि मदत अडवता येणार नाही. भांडण बहुतेकदा तिथेच पेटतं. डेटा नष्ट केल्याचं प्रमाणपत्र मात्र घाईने मागू नये. नव्या प्रणालीतून एक तिमाही व्याज बिनचूक जमा होऊन लेखापरीक्षकाने ते तपासलं, की मगच जुन्या कंपनीला पुसायला सांगावं.