आधीच निघणारी कडा

१९९९-२००० च्या सुमाराला सर्व्हरमध्ये पीसी-१३३ जातीची रजिस्टर्ड मेमरी पट्टी वापरली जाई. हातात घेतली की तिच्यावर मेमरीच्या काळ्या चिप्सची रांग दिसे, अनेकदा १८ चिप्स. शिवाय मध्यभागी एक छोटी, वेगळी चिप असे, तिच्यात एकही बिट साठवला जात नसे. मदरबोर्डकडून येणारा एकच क्लॉक सगळ्या चिप्सना वाटणं आणि तो त्यांच्या पायांवर योग्य क्षणी पोहोचवणं, एवढंच तिचं काम. या चिपला झिरो-डिले बफर म्हणतात.

वाटपच करायचं तर साधा बफरही चालला असता, असं वाटू शकतं. अडचण वेळेची आहे. १३३ मेगाहर्ट्झवर क्लॉकचा एक फेरा ७.५ नॅनोसेकंदांचा असतो. क्लॉकची चढती कडा आल्यापासून डेटा बाहेर टाकायला मेमरी चिपला ५.४ नॅनोसेकंद लागू शकतात. उरतात २.१. त्यात डेटाचा तांब्याच्या रेषेवरचा प्रवास बसवायचा. फायबरग्लासच्या बोर्डवर सिग्नलला एक सेंटिमीटर जायला साधारण ०.०६७ नॅनोसेकंद लागतो, म्हणजे १० सेंटिमीटरला जवळपास ०.६७. पुढच्या कडेच्या आधी डेटा थोडा वेळ स्थिर असावा लागतो, त्यासाठी कंट्रोलरला समजा १ नॅनोसेकंद हवा. मग हातात राहतो जेमतेम ०.४३. साधा बफर स्वतःच दोन-तीन नॅनोसेकंद खातो. कंट्रोलरचा क्लॉक वेळेवर आणि मेमरीचा तीन नॅनोसेकंद उशिरा असेल, तर हिशेब तिथेच कोसळतो.

बफरमधला हा विलंब कुणालाच पुसता येत नाही, ट्रान्झिस्टरला वेळ लागतोच. तरी क्लॉक ठरलेल्या लयीत येतो, म्हणून पुढची कडा कधी येणार हे आधीच माहीत असतं. शाळेत पोहोचायला वीस मिनिटं लागतात हे ज्याला ठाऊक आहे, तो घंटेच्या वीस मिनिटं आधी निघतो. झिरो-डिले बफर नेमकं हेच करतो. त्याच्या आत स्वतःचा ऑसिलेटर असतो आणि त्याभोवती फेज-लॉक्ड लूप, म्हणजे पीएलएल. बफरचं एक आउटपुट रेषेवरून फिरवून त्याच्याच फीडबॅक पायावर परत आणलेलं असतं. आत आलेली मूळ कडा आणि परत आलेली कडा यांची पीएलएल सतत तुलना करतो. परतलेली मागे पडली तर ऑसिलेटर किंचित वेगात जातो, पुढे गेली तर मंदावतो. दोन्ही एकाच क्षणी येऊ लागल्या की लूप लॉक होतो.

डिझायनरच्या हातातली खरी ताकद फीडबॅकच्या रेषेत आहे, आणि मला या सगळ्यातलं हेच सर्वात सुंदर वाटतं. पीएलएलला मेमरी चिप दिसत नाही, फक्त स्वतःचा फीडबॅकचा पाय दिसतो. त्या रेषेवर जेवढा वेळ जाईल, तेवढा तो सगळ्या आउटपुटवर आधी निघतो. समजा बफरपासून प्रत्येक चिपपर्यंतची रेषा ९ सेंटिमीटर आहे, म्हणजे ०.६ नॅनोसेकंद. फीडबॅक मात्र जवळच्या जवळ एका सेंटिमीटरमध्ये वळवला. आता बफरच्या पायावर वेळ अगदी जुळलेली, पण चिपपाशी कडा अर्धा नॅनोसेकंदाहून जास्त उशिरा. वर उरलेले ०.४३ संपले. फीडबॅकची रेषाही नागमोडी काढून ९ सेंटिमीटर केली, की बफर ०.६ नॅनोसेकंद आधी निघतो आणि कडा चिपच्या पायावर वेळेवर उतरते.

फक्त लांबी जुळवून भागत नाही. एका आउटपुटवर दोन मेमरी चिप्स असतील तर त्यांच्या कपॅसिटन्समुळे कडा हळू चढते. फीडबॅकच्या टोकाला काहीच नसेल तर तिथली कडा ताठ चढते आणि पीएलएल फसतो. म्हणून त्या टोकाला तेवढ्याच भाराचा छोटा कपॅसिटर ठेवतात. प्रत्येक आउटपुटच्या मुळाशी एक छोटा रेझिस्टरही असतो. तो रेषेच्या टोकाकडून परतणारा सिग्नल गिळतो, नाहीतर कडेवर पायऱ्या पडतात आणि चिप एकाच कडेला दोनदा मोजू शकते.

क्लॉक थांबून पुन्हा सुरू झाला तर लॉक लागायला थोडा वेळ जातो, तोपर्यंत आउटपुटवर भरवसा ठेवता येत नाही. पीएलएलच्या पुरवठ्यावर गोंगाट असेल तर कडा थरथरते, म्हणून त्याच्या अ‍ॅनालॉग पायाला वेगळा फिल्टर देतात.

बोर्ड अधूनमधून चुकीचा डेटा देऊ लागला तर बफरच्या मर्यादेत राहून क्लॉकचा वेग कमी करून पाहावा. चूक गेली, तर कुठेतरी वेळ अपुरा पडत होता. चूक तशीच राहिली, तर एखाद्या चिपला कडा इतकी उशिरा मिळत असावी की जुना डेटा टिपायच्या आतच नवा येऊन त्याला ढकलतो. ही चूक फेरा लांबवून सुटत नाही, कारण दोन्ही डेटा एकाच कडेभोवती धावत असतात. मग ऑसिलोस्कोपचे दोन्ही प्रोब आधी एकाच बिंदूवर लावून त्यांचा आपसातला फरक काढून टाकावा, आणि नंतर एक मूळ क्लॉकवर व दुसरा थेट मेमरी चिपच्या पायावर धरावा. बफरच्या पायावर मोजलं तर सगळं ठीकच दिसेल.